आमच्या शहराचा त्रासभत्ता

ती दोन-तीन वर्षं आठवली की माझ्या डोळ्यांपुढे नेहमी दुपारच येते. सकाळी काचीगुड्याहून बस पकडून ऑफिसात जात असणार, संध्याकाळी परत येत असणार, पण आठवणीत सकाळ-संध्याकाळ काही नाहीच. बेगमपेठेतला तो जुना बंगला, हातभर जाडीच्या भिंती, उंच छतातून लांब दांडीवर लोंबणारा पंखा, आणि खिडकीबाहेर पांढरं, झोपाळलेलं ऊन. त्या उन्हात बागेतला माळी पाण्याची नळी हातात धरून उभ्याउभ्याच डुलक्या घ्यायचा.

देशाने नुकतीच बाहेरच्यांना दारं उघडली होती. विजेची यंत्रं बनवणारी एक परदेशी कंपनी हैदराबादेत आली आणि मला तिथल्या पर्सोनेल खात्यात नोकरी लागली. माझं काम म्हणजे बाहेरून आलेल्या साहेबांची व्यवस्था पाहणं. घर, गाडी, मुलांची शाळा, परवाने, कर. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी साहेबांचं लग्नघर सांभाळते." ते काही फार खोटं नव्हतं.

रुजू झाले त्याच आठवड्यात माझ्यापुढे साहेबांच्या पॅकेजची फाईल आली. पगाराखाली ओळीने एकेक गोष्ट होती. घराचं भाडं कंपनी देणार, पण साहेब आपल्या देशात राहिले असते तर घरावर जेवढा खर्च केला असता तेवढा पगारातून कापून. मुलीच्या शाळेचा खर्च. वर्षातून एकदा सगळ्यांना मायदेशी जायची तिकिटं. आणि मग एक ओळ, हार्डशिप अलाउन्स, मूळ पगाराच्या वीस टक्के. पुढे कारण लिहिलेलं: ठिकाण हैदराबाद.

मी ती ओळ पुन्हा वाचली आणि माझं डोकंच फिरलं. अरे, माझ्या गावात राहायचे पैसे? इथे राहणं म्हणजे त्रास, असं त्यांच्या मुख्यालयात बसून कुणीतरी ठरवलेलं! खातेप्रमुखांना मी तावातावाने विचारलं, तर ते हसले. "बाई, मनावर घेऊ नका. जगातल्या सगळ्या शहरांना असे गुण देतात. हवा कशी, पाणी कसं, दवाखाने, वीज, शाळा, एकटेपणा. जितका त्रास तितका भत्ता. आपल्याला वीस मिळालेत."

घरी जाऊन सांगितलं तर बाबा जेवता जेवता थांबले. ते हिशेब खात्यातून रिटायर झालेले. म्हणाले, "म्हणजे मी जन्मापासून इथे राहतोय, त्याची थकबाकी कुठे मागायची, ते विचारून ये." त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव त्रासभत्ता पडलं. नळाला पाणी आलं नाही की आई ओरडायची, "अहो, आजचा त्रासभत्ता लिहून ठेवा!"

बाबांना खरा धक्का बसला तो कराच्या प्रकरणाने. मी त्यांना समजावलं, की साहेबाच्या पगारातून कंपनी आधी एक मनातला कर कापते, म्हणजे तो आपल्याच देशात असता तर जेवढा भरला असता तेवढा. मग इथला खरा कर किती का होईना, तो कंपनी भरते. परदेशी गेल्यामुळे कराच्या बाबतीत माणूस ना बुडावा, ना कमवावा. बाबा म्हणाले, ठीक. पण कंपनीने भरलेला कर हेही साहेबाचं उत्पन्नच धरतात, म्हणून त्याच्यावर पुन्हा कर लागतो, आणि तोही कंपनीच भरते, हे ऐकल्यावर त्यांनी हात जोडले. "करावरचा कर, त्याच्यावरचा कर... नक्को बाबा. मला ताक दे."

ज्या साहेबांची ती फाईल, ते उत्तरेकडच्या एका थंड देशातून आलेले. उंच, शांत, मोजकं बोलणारे. बंजारा हिल्सवर कंपनीने त्यांना भाड्याने घर घेऊन दिलं होतं. तेव्हा तिथे घरं कमी आणि खडकच जास्त होते. त्यांची बायको, तिला मी बाईच म्हणायचे, आणि त्यांची एकुलती मुलगी. आली तेव्हा ती नऊ वर्षांची. पहिल्या वर्षी ती व्हरांड्यात गुडघ्यात तोंड घालून बसायची. दुसऱ्या वर्षी ती ड्रायव्हरचाचांकडून दखनी शिकली आणि आयाकडून तेलुगू. मला अक्का म्हणायला लागली. मी गेले की दारातूनच ओरडायची, "अक्का आ गए! अम्मी, अक्का आ गए!" अम्मी म्हणजे बाई. सोनेरी केसांच्या त्या बाईला अम्मी म्हणून हाक मारलेली ऐकली की मला पोटातून हसू फुटायचं.

एका दुपारी घराच्या गळक्या गच्चीचं बघायला मी गेले होते. गच्चीचं बोलून झालं तरी बाई उठेनात. मग हळूच म्हणाल्या, "पुढच्या जूनमध्ये ती अकराची होईल."

त्या काय म्हणताहेत ते मला लगेच कळलं. फाईल माझी पाठ होती. शहराबाहेर खडकांच्या माळावर परदेशी मुलांची एक छोटी शाळा होती, मुलगी तिथेच जायची आणि फी कंपनी भरायची. पण मुख्यालयाच्या यादीत हैदराबादपुढे लिहिलं होतं, की अकरा वर्षांपुढच्या मुलांसाठी योग्य शाळा नाही. अशा ठिकाणी कंपनी मायदेशातल्या बोर्डिंग शाळेचा सगळा खर्च करायची आणि वर्षातून तीनदा मुलांना आईबापांकडे यायचं तिकीट द्यायची. म्हणजे अकरा पूर्ण झाली की पोरगी विमानात. त्या छोट्या शाळेने वरचे वर्ग सुरू केले होते, पण यादीला त्याचा पत्ताच नव्हता, आणि यादीत नसलेल्या वर्गांची डॉलरमधली फी कंपनी देणार नव्हती. साहेबांना ती झेपणारी नव्हती.

"ते काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते स्वतः आठव्या वर्षी बोर्डिंगला गेले. म्हणतात, माझं काय वाईट झालं?" बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर मुलगी आयाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि आया तिच्या त्या पिवळ्या केसांना खोबरेल लावत होती. "मला ती हवी आहे," बाई म्हणाल्या. "दुसरं काहीच नको. शहराची तपासणी करायला माणूस येणार आहे ना? त्याला ती शाळा नीट दाखवा. यादीत आली तर ती राहील."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही काळजीच करू नका. दाखवते."

तो माणूस मुख्यालयाचा नव्हता. जगभरच्या शहरांना गुण देणारी वेगळी संस्था असते, तिच्याकडून आलेला; तिच्या अहवालावरूनच मुख्यालयाची यादी बनायची. दोन दिवस त्याला शहर फिरवायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसातले दुसरे एक साहेब मला जिन्यात गाठून म्हणाले, टँकर येतो त्या वेळी त्याला आमच्या घरी आणा, वीज जाते ते पण बघू दे. त्यांच्या वीस टक्क्यांची त्यांना काळजी. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, हौ, आणते की!

पण खरं सांगू? मी ठरवून काही केलं नाही. शाळा नीट दाखवायची एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकी जे झालं ते आम्हा सगळ्यांच्या हाडातच होतं. पाहुणा येणार म्हटल्यावर बंजारा हिल्सवरच्या वॉचमनने पहाटेच टाक्या भरून ठेवल्या. ड्रायव्हरचाचांनी जनरेटरला डिझेल आणलं आणि गाडीत खसच्या अत्तराचा बोळा ठेवला. आयाने दारात रांगोळी काढली. कुणालाही कुणी सांगितलं नव्हतं. पाहुण्यापुढे घरातली अडचण काढायची नसते, हे काय कुणाला शिकवावं लागतं?

शाळा त्याला आवडली. तो वरच्या वर्गांत जाऊन बसला, मास्तरांशी बोलला, प्रयोगशाळा पाहिली. त्याचं वागणं सरळ होतं आणि शाळाही खरोखर चांगली होती. तिथे मला काहीच करावं लागलं नाही.

मग दवाखाना झाला, बाजार झाला. बेगम बाजारात लागणाऱ्या वस्तू मिळतात का, हे त्याला बघायचं होतं. धने, सुकी मिरची, हळद यांच्या वासाने त्याला शिंकांवर शिंका यायला लागल्या, तर एका दुकानदाराने त्याला गादीवर बसवून सरबत पाजलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. शिंका थांबल्यावर तो म्हणाला, "एखाद्या साध्या माणसाच्या घरचं पाणी आणि वीज बघता येईल का?"

एक वाजला होता. काचीगुडा जवळ होतं. मी म्हटलं, "आमच्याकडे चला, जेवायलाच."

आईने ज्वारीच्या भाकरी टाकल्या, बगारे बैंगन होतंच, वर ताक. तो खाली पाटावर बसला, गुडघे कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. बाबांनी त्याला भाकरी मोडायला शिकवली. जेवता जेवता त्याने विचारलं, पाणी कसं येतं? मी आईला मराठीत सांगितलं. दोन दिवस नळाला टिपूस नव्हता. सकाळी आई गल्लीच्या टोकाच्या बोअरिंगवरून घागरी वाहून आणून दमली होती. पण तिने त्याचा पेला काठोकाठ भरला आणि म्हणाली, "सांग त्याला, भरपूर आहे म्हणावं. देवाच्या दयेने काही कमी नाही."

मी तसंच सांगितलं. मीही तिचीच लेक.

इतक्यात वीज गेली. आता? मी मनात म्हटलं, गेलं सगळं मुसळ केरात. पण आईने त्याला आतल्या खोलीतल्या तख्तावर बसवलं. त्या खोलीला ऊन लागत नसे, फरशी गार असायची. तिने विंझणा घेतला आणि त्याला वारा घालायला लागली. तो नको नको म्हणाला. मग गप्प बसला. मग आडवा झाला. आणि बघता बघता झोपला हो! टिपणांचे कागद लावलेली पाटी छातीवर, बूट दाराशी, तोंड जरासं उघडं. बाहेर गल्लीत बोंबलून बोंबलून दमलेला कल्हईवाला गेला, लांबून काचीगुडा स्टेशनातली शिट्टी आली, आणि आई त्याला वारा घालत राहिली. माझे डोळेही मिटायला लागले. आमच्या शहराच्या त्रासाचं मोजमाप घ्यायला आलेला माणूस आमच्या तख्तावर घोरत होता, आणि मला वाटत होतं, ही दुपार कधी संपूच नये.

उठल्यावर तो लाजला. म्हणाला, कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. आईने त्याला चहा दिला आणि जाताना कागदात बांधून तिळाच्या वड्या. त्याने दाराशी वाकून नमस्कार केला, अगदी व्यवस्थित.

महिना-दीड महिन्याने फॅक्स आला. मशीनमधून कागद हळूहळू सरकत होता आणि मी उभ्याने ओळ ओळ वाचत होते. शाळा यादीत आली होती. वरच्या वर्गांसकट. यापुढे तिची फी कंपनी देणार, आणि म्हणून बोर्डिंगची सोय हैदराबादसाठी बंद. मी उडीच मारली. फोन लावला. पलीकडे बाई नुसत्या रडत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः भाजलेला केक घेऊन गाडी आमच्या गल्लीत आली. एका बाजूने करपलेला केक. आईने तो देवापुढे ठेवला, मग सगळ्या गल्लीत वाटला.

त्याच फॅक्समध्ये खाली आणखी एक ओळ होती. शाळा आली, पाणी बरं, वीज सोसण्याजोगी, माणसं कमालीची आपुलकीची, सबब एकटेपणा जवळपास नाही. सगळे गुण मिळून शहराचा त्रास उतरला. पुढच्या तिमाहीपासून भत्ता वीसचा दहा टक्के.

मी ती ओळ वाचली होती. वाचून मला काय वाटलं असेल? अभिमान! बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "वा, आपला त्रास निम्मा झाला. कळलंसुद्धा नाही."

साहेबांना कळलं. मायदेशी तळ्याकाठी ते घर बांधत होते आणि त्याचे हप्ते त्या भत्त्यातून जात होते. ते ऑफिसात आणखी शांत झाले, एवढंच. जिन्यातले ते दुसरे साहेब मात्र मला बघून तोंड फिरवायचे. फिरवा! मला काय त्याचं?

थंडी संपता संपता खातेप्रमुखांनी मला बोलावलं. साहेबांनी बदली मागून घेतली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका बंदरात वीजकेंद्र उभं राहत होतं, तिथे. भत्ता तीस टक्के. मी पहिल्यांदा पुढची ओळ शोधली. शाळा, नाही. अकराच्या आतली नाही, पुढची नाही, कसलीच नाही. मुलांसाठी बोर्डिंग, वर्षातून तीन तिकिटं.

जूनला चार महिने होते.

मी बंजारा हिल्सवर गेले तेव्हा बाई खोक्यांमध्ये बसल्या होत्या. मी संतापले होते, नुसती फणफणत होते. म्हटलं, "कापलेल्या दहा टक्क्यांसाठी? पोरीला लांब टाकायचं ते दहा टक्क्यांसाठी?"

"तसं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना खरंच वाटतं, तिचं भलं त्यात आहे. आधीपासून वाटत होतं. माझ्याकडे बोलायला एकच गोष्ट होती, की इथे शाळा आहे. ती तुम्ही मला मिळवून दिलीत." त्यांनी एक पेला वर्तमानपत्रात गुंडाळला. "पण ती इथलीच होती. तिकडे नेता येत नाही."

मी खाली बसले आणि दुसरा पेला गुंडाळायला घेतला. बोलायला आलेली मी, दिवेलागणीपर्यंत त्यांची भांडी बांधत बसले.

शेवटचं काम माझंच होतं. परदेशी माणूस देश सोडून निघाला की आयकर खात्याचा दाखला लागायचा, की याच्याकडून काही येणं नाही. कंपनीने कर भरलेला, करावरचा कर भरलेला, सगळं चोख. कारकुनाने शिक्का मारला. काही येणं नाही, काही देणं नाही. मी तो कागद पर्समध्ये घालून रिक्षात बसले आणि नारायणगुड्यापर्यंत रडत आले. रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटी म्हणाला, "कोई गुजर गए क्या, अम्मा?" मी म्हटलं, "नहीं भय्या, जा रहे हैं."

विमानतळावर ड्रायव्हरचाचा, आया, मी, आणि माझ्या आग्रहाखातर आलेली माझी आई. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला आणि मनापासून आभार मानले. माणूस वाईट नव्हता. बाईंनी आईला मिठी मारली, आई अवघडून उभी राहिली, मग तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पोरीच्या केसांना तेल होतं. आयाने त्या सकाळीही लावलं होतं, वेणी घट्ट घातली होती. आत गेल्यावर बाई ती सोडतील असं काही मला वाटलं नाही.

मुलगी माझ्याजवळ आली. तिला सगळं सांगून झालेलं होतं, मोठ्या माणसांसारखं समोर बसवून: भत्ता, घर, शाळा. तिने मान वर करून म्हटलं, "अक्का, अब्बा बोले, यहाँ तकलीफ कम हो गई, इसलिए जाना पड़ रा."

"हौ, बेटा."

"मगर अक्का," ती म्हणाली, "तकलीफ तो आज हो रई ना?"

आईला दखनी सगळी कळायची. तिने पदर तोंडाला लावला. ड्रायव्हरचाचा ट्रॉली ढकलायचं निमित्त करून पुढे गेले. मी पोरीला जवळ ओढलं, तर केसांचं खोबरेल माझ्या गालाला लागलं, आणि तेवढ्यात त्यांना आत बोलावलं.